पूर्णांध काका, मूकबधिर आत्या : पुणे–नागपूर–पुणे प्रवासाची आखणी

जानेवारी 2025 मध्ये आमच्या कुटुंबातील दोन व्यक्तींना लग्नासाठी पुण्याहून नागपूरला जायचे होते. माझे काका साठी ओलांडलेले आहेत. काचबिंदूमुळे चाळिशीत त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, जन्मापासून मूकबधिर आहे. ती मराठी उत्तम वाचते आणि लिहिते. घरातली इतर मंडळी आधीच पुढे जाणार असल्याने या दोघांनी तिसऱ्या माणसाशिवाय जावे, जाताना रेल्वेने आणि येताना विमानाने, असे त्यांनीच ठरवले. व्यवस्था लावण्याचे काम माझ्याकडे आले. दृष्टिहीन किंवा कर्णबधिर प्रवाशासाठी तरतुदी कोणत्या आहेत आणि त्या प्रत्यक्ष कशा मिळवाव्या लागतात, हे या एका प्रवासात बऱ्याच अंगांनी पाहता आले, म्हणून तो तपशिलाने मांडत आहे.

आधी दोघांच्या परस्पर संवादाविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे नियोजन त्यावर उभे होते. काका हातांनी खुणा करतात, त्या आत्याला दिसतात. आत्याच्या खुणा काकांना दिसत नाहीत, म्हणून ती त्यांच्या तळहातावर तर्जनीने देवनागरी अक्षरे काढते. काकांनी अर्धे आयुष्य डोळसपणे वाचन केलेले असल्याने त्यांना अक्षरांची वळणे पाठ आहेत, आणि तीन-चार अक्षरांतच ते शब्द ओळखतात. अंधारात मात्र काकांच्या खुणाही आत्याला दिसत नाहीत. तेव्हा तेही तिच्या हातावर लिहितात. याचा अर्थ असा, की दोघे हाताच्या अंतरावर असतील तरच ही जोडी एकमेकांना पुरी पडते. एक जण सहाव्या बर्थवर आणि दुसरा चौसष्टाव्या बर्थवर अशी जागा मिळाली, तर सवलत मिळूनही प्रवास बिघडणार होता.

रेल्वेच्या बाबतीत पहिला प्रश्न वर्गाचा होता. पूर्णांध व्यक्तीला, ती एकटी असो वा मदतनिसासह असो, सेकंड क्लास, स्लीपर, फर्स्ट क्लास, थ्री एसी आणि एसी चेअर कार यांत मूळ भाड्यावर 75 टक्के सवलत मिळते. टू एसी आणि फर्स्ट एसीमध्ये ती 50 टक्के असते. सोबतच्या एका मदतनिसालाही तेवढीच सवलत मिळते. मूकबधिर व्यक्तीसाठी सवलत 50 टक्के आहे आणि ती सेकंड क्लास, स्लीपर व फर्स्ट क्लासपुरतीच मर्यादित आहे. थ्री एसीत ती नाही. शिवाय या प्रवर्गात बहिरेपणा आणि मूकपणा ही दोन्ही व्यंगे एकाच व्यक्तीत असावी लागतात. ज्यांना ऐकू येत नाही पण बोलता येते, अशा असंख्य कर्णबधिर माणसांना रेल्वेची ही सवलत लागू होत नाही. ज्यांना अंधुक का होईना दिसते, त्यांनाही पूर्णांधांची सवलत मिळत नाही. या दोन रेषा फार कठोर आहेत, आणि माझ्या मते त्या आजच्या काळाला धरून नाहीत. परंतु अर्ज करण्यापूर्वी त्या माहीत असलेल्या बऱ्या, नाहीतर महिनाभराची धावपळ वाया जाते.

थ्री एसी घेतले असते तर काकांना 75 टक्के सवलत मिळाली असती आणि आत्याला तिच्या स्वतःच्या प्रवर्गात काहीच नाही. स्लीपरमध्ये दोघांचीही सवलत स्वतंत्रपणे उभी राहत होती, त्यामुळे कोणी कोणाचा मदतनीस दाखवायचा हा प्रश्नच उरला नाही. थंडीचे दिवस असल्याने स्लीपर सोसवणार होते. हिशेबाचा एक बारकावा येथे नोंदवतो. सवलत केवळ मूळ भाड्यावर असते. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्ट अधिभार पूर्ण भरावे लागतात. स्लीपरसाठी ते अनुक्रमे 20 आणि 30 रुपये आहेत. समजा मूळ भाडे 300 रुपये असेल, तर काकांचे तिकीट 75 अधिक 50 म्हणजे 125 रुपयांना आणि आत्याचे 150 अधिक 50 म्हणजे 200 रुपयांना पडते. ऑनलाइन तिकिटावर सेवाशुल्क निराळे. तत्काळमध्ये मात्र कोणतीही सवलत चालत नाही, म्हणून आरक्षण वेळेवर करणे येथे इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 60 दिवसांची झाली आहे, आणि आमच्या तयारीची घडी त्या तारखेकडे पाहूनच बसवली होती.

खरा वेळ कागदांना लागला. दोघांकडेही शासनाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड होते. रेल्वेला मात्र तिच्या स्वतःच्या नमुन्यातले सवलत प्रमाणपत्र हवे होते. शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांची सही आणि शिक्का त्यावर लागतो, फोटोवर सही व शिक्का असा घ्यावा लागतो की त्याचा काही भाग फोटोवर आणि काही भाग कागदावर उमटेल, आणि प्रवर्गाचे शब्द नमुन्यात आहेत तसेच असावे लागतात. काकांच्या प्रमाणपत्रात दृष्टीचा पूर्ण अभाव असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे की नुसती टक्केवारी टाकली आहे, हे रुग्णालयाच्या खिडकीवरून हलण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. आत्याच्या बाबतीत दोन्ही व्यंगांचा उल्लेख एकत्र आला पाहिजे. प्रमाणपत्राची मुदत वयावर अवलंबून असते. कायमस्वरूपी दिव्यांगत्व असेल तर पंचविशीपर्यंतच्या व्यक्तीसाठी पाच वर्षे, सव्वीस ते पस्तीस वयासाठी दहा वर्षे आणि पस्तिशीच्या पुढे आजन्म. आमच्या दोघांनाही पुन्हा रुग्णालयात जावे लागणार नाही, हा मोठाच दिलासा होता.

प्रमाणपत्र मिळाल्यावर रेल्वेचे ओळखपत्र काढायचे असते, कारण ऑनलाइन सवलतीचे तिकीट त्या ओळखपत्राच्या क्रमांकावरच निघते. त्यासाठी divyangjanid.indianrail.gov.in या संकेतस्थळावर प्रमाणपत्र, आधार, जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो जोडून अर्ज करता येतो. त्यानंतर विभागीय कार्यालय प्रमाणपत्र देणाऱ्या रुग्णालयाकडून त्याची खातरजमा करून घेते. हे काम दोन-चार दिवसांत उरकत नाही. प्रमाणपत्राची स्कॅन केलेली प्रत पुसट असेल, शिक्क्यातले रुग्णालयाचे नाव वाचता येत नसेल किंवा डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसेल, तर अर्ज परत येतो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. म्हणून प्रवास ठरल्यावर कार्डाच्या मागे लागू नये. कार्ड आधी हाती असावे आणि प्रवास त्यानंतर ठरवावा. आम्ही गणपतीनंतर लगेच अर्ज केले होते, त्यामुळे आरक्षण उघडण्याच्या दिवशी दोन्ही क्रमांक हाताशी होते.

पुण्याहून संध्याकाळी सुटून सकाळी नागपूरला पोहोचणारी आझाद हिंद एक्सप्रेस निवडली. मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या स्लीपरमध्ये सवलतीवर प्रवास करणाऱ्या दिव्यांगांसाठी चार बर्थ राखीव असतात, दोन लोअर आणि दोन मिडल. आरक्षण करताना सर्वसाधारण कोट्याऐवजी दिव्यांग कोटा निवडला आणि दोघांच्या कार्डांचे क्रमांक टाकून दोन वेगळी तिकिटे काढली. दोन पीएनआर असल्याने डबे वेगळे येण्याची भीती होती, पण दोघांना एकाच डब्यात लोअर बर्थ मिळाले. फक्त ते शेजारशेजारच्या कप्प्यांत होते. गाडीत बसल्यावर समोरच्या प्रवाशाने आपला लोअर बर्थ आत्याला दिला आणि दोघे समोरासमोर आले. ही अदलाबदल टीटीईला सांगून केली, म्हणजे रात्री दुसऱ्या कोणी त्या बर्थवर हक्क सांगितला तर वाद उभा राहत नाही. कोटा एका मर्यादेपर्यंतच मदत करतो. बर्थ हाताच्या अंतरावर यावेत, अशी तरतूद त्यात नाही. ती माणसांकडून मिळवावी लागते.

मूळ ओळखपत्र आणि मूळ प्रमाणपत्र दोघांनी स्वतःजवळ ठेवले. सवलतीच्या तिकिटावर प्रवास करताना मूळ कागद दाखवता आला नाही, तर सवलत ग्राह्य धरली जात नाही; मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. आत्याच्या कार्डाच्या पाकिटात मी मराठी आणि हिंदीत एक चिठ्ठी घातली होती : “मला ऐकू येत नाही. कृपया लिहून सांगा. समोर बसलेले माझे भाऊ आहेत, त्यांना दिसत नाही, पण ऐकू येते.” टीटीईंनी ती वाचली, आपली वही पुढे केली आणि प्रश्न लिहून विचारले. नाहीतर अशा वेळी तपासणारा माणूस आपोआप काकांशी बोलू लागतो आणि आत्या जणू तेथे नाहीच, असे होते.

स्थानकावरची कामे आम्ही इंद्रियांप्रमाणे वाटून दिली होती. फलाट, गाडीची उशिराची वेळ आणि ऐनवेळचे बदल ध्वनिक्षेपकावरून सांगितले जातात, ते ऐकण्याचे काम काकांचे. फलाटावरचे डब्यांचे इलेक्ट्रॉनिक फलक आणि दाराशेजारचा डब्याचा क्रमांक पाहण्याचे काम आत्याचे. डब्यात शिरल्यावर बर्थचा क्रमांक ज्या पट्टीवर असतो, तिच्यावर बऱ्याच डब्यांत आता ब्रेलचे ठिपके असतात. काकांनी बोटे फिरवून आपला क्रमांक स्वतः शोधला, आणि शौचालयापर्यंत किती कप्पे लागतात तेही चालून मोजून ठेवले. रात्री दिवे मालवल्यावर आत्याला उठवावे लागू नये, यासाठी ही मोजणी फार उपयोगी पडते.

उतरण्याचा प्रश्न वेगळा विचार मागत होता. ही गाडी पुढे हावड्याला जाते. नागपूर तिचे शेवटचे स्थानक नाही, म्हणजे झोप लागली तर गाडी पुढे घेऊन जाईल. रेल्वेच्या 139 या क्रमांकावर स्थानक येण्यापूर्वी फोन करून उठवण्याची सोय मागता येते, पण ती सोय आवाजाची आहे, म्हणून काकांच्या फोनवर घेतली. आत्याच्या फोनमध्ये ठिकाण ओळखून थरथरणारा गजर लावला आणि त्यासाठी नागपूर न निवडता वर्धा निवडले, कारण वर्ध्यापासून नागपूर साधारण तासाभरावर आहे आणि सामान आवरायला तेवढा वेळ पुरतो. घड्याळाचा गजर येथे निरुपयोगी ठरतो. गाडी दोन तास उशिरा असली, तर तो वर्ध्याच्या बऱ्याच आधी वाजतो. फोन उशीखाली न ठेवता तिने मनगटाच्या रुमालात गुंडाळून ठेवला, कारण गाडीच्या हादऱ्यांत उशीखालची थरथर कळत नाही. प्रत्यक्षात ती जागी झाली ती या गजराने. काकांना उठवून तिने तळहातावर “वर्धा” असे लिहिले.

परतीचा प्रवास विमानाचा होता आणि तेथील व्यवस्थेची रचनाच वेगळी आहे. रेल्वेत सवलत कागदावर मिळते, पण सोबतीचा माणूस मिळेल याची हमी नसते. विमानात आम्हाला भाड्यात काही सूट नव्हती, परंतु मदत मात्र नियमाने बांधलेली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार विमानतळाच्या दारापासून आसनापर्यंत आणि उतरल्यावर पुन्हा दारापर्यंत मदत पुरवण्याची जबाबदारी विमान कंपनी व विमानतळाची आहे, आणि तिच्यासाठी पैसे आकारता येत नाहीत. प्रवाशाने ही गरज शक्यतो 48 तास आधी कळवावी अशी अपेक्षा असते. केवळ दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, एवढ्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. मे 2022 मध्ये रांची येथे एका दिव्यांग मुलाला विमानात चढू न दिल्याच्या घटनेनंतर हे नियम आणखी स्पष्ट करण्यात आले. प्रवासात एखाद्याची प्रकृती बिघडेल अशी शंका कंपनीला आली, तर निर्णय डॉक्टरांनी तपासल्यावरच घ्यावा लागतो, कर्मचाऱ्याच्या अंदाजावर नाही.

मदत मागण्याची रीत अशी, की तिकिटावर त्या प्रवाशाच्या नावासमोर ठरावीक संकेत नोंदवला जातो. दृष्टिहीनासाठी BLND आणि कर्णबधिरासाठी DEAF. हे संकेत जगभर चालतात आणि विमानतळावरच्या माणसाच्या पडद्यावर तेच उमटतात. फोनवर आपण सांगितलेली सगळी हकिकत तेथे पोहोचत नाही. आमच्या वेळी फोनवरच्या प्रतिनिधीने “दोघांचीही नोंद केली” असे सांगितले, पण ईमेलने आलेल्या तिकिटाच्या तपशिलात फक्त काकांच्या नावासमोर संकेत होता. आत्याचा राहून गेला होता. पुन्हा फोन न करता मी लेखी ईमेल केला आणि सुधारलेला तपशील मागवून घेतला. तिकिटावर संकेत छापलेला दिसल्याशिवाय नोंद झाली असे मानू नये, हे मी त्यानंतर प्रत्येकाला सांगतो.

संपर्काच्या क्रमांकाबाबतही काळजी घ्यावी लागते. घरातला डोळस, ऐकू येणारा माणूस तिकीट काढतो आणि सहजच स्वतःचा क्रमांक देतो. मग गेट बदलल्याचा संदेश घरी येतो आणि प्रवासी विमानतळावर बसून राहतो. म्हणून या तिकिटावर आत्याचा क्रमांक दिला. संदेश तिने वाचायचा. काकांच्या फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारी टॉकबॅक सुविधा सुरू असते, त्यामुळे तेच संदेश आत्याने त्यांना पुढे पाठवले की तेही स्वतः ऐकू शकत होते. अनेक मोठ्या विमानतळांवर आता विमानात चढण्याच्या घोषणा जवळजवळ बंद झाल्या आहेत आणि सगळे पडद्यांवर येते. ही शांतता आत्यासाठी सोयीची आहे. काका एकटे असते तर मात्र त्यांच्यासाठी ती भिंत ठरली असती.

विमानतळाच्या दाराशी कंपनीचा मदतनीस व्हीलचेअर घेऊन आला. असे फार वेळा होते, कारण चाकाच्या खुर्चीत बसवलेला प्रवासी एका माणसाला झटपट नेता येतो. काकांनी शांतपणे सांगितले, “मला चालता येते. तुम्ही अर्धे पाऊल पुढे राहा आणि तुमचा कोपर मला धरू द्या.” दृष्टिहीनाला नेण्याची योग्य पद्धत हीच. त्याने आपला कोपर धरावा. त्याचा दंड पकडून त्याला ढकलू नये. पायरी आली की थांबावे आणि ती वर जाते की खाली हे सांगावे. मदतनीस तरुण होता, एकदा सांगितल्यावर त्याला ते नेमके जमले. सुरक्षा तपासणीत घडीची पांढरी काठी क्ष-किरण यंत्रातून जाते, त्यामुळे काठी हातातून घेण्यापूर्वी ती कुठे आणि केव्हा परत मिळेल हे विचारून घ्यावे आणि पलीकडे पोहोचेपर्यंत कोणाचा तरी हात धरून राहावा. अंगझडतीपूर्वी जवानाने तोंडाने सांगितले, आणि आत्याला महिला जवानाने हाताच्या खुणेने कळवले.

गडबड त्यानंतर झाली. मदतनिसाने दोघांना गेटपाशी बसवले, “येतो” असे सांगून तो गेला आणि विमानात चढणे सुरू झाले तरी परतला नाही. आत्याने पडद्यावर गेटची स्थिती बदललेली पाहिली, काकांच्या हातावर “चला” असे लिहिले आणि दोघे स्वतःच रांगेकडे गेले. काकांबरोबर दिसणारे कोणी नसते, तर विमान चुकले असते. अशा वेळी दोन गोष्टी आधीच विचारून घेतलेल्या बऱ्या : हा माणूस नेमका किती वाजता परत येणार, आणि तो आला नाही तर कोणत्या काउंटरवर जायचे. बसण्याची जागाही काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला आपण दिसू अशीच मागावी.

विमानात आपत्कालीन दाराच्या रांगेत या दोघांना बसता येत नाही. तो सुरक्षेचा नियम आहे आणि आसन निवडतानाच पाळावा. हवाईसुंदरीने काकांना पट्ट्याचे कुलूप, आसनाखालचे जीवरक्षक जाकीट आणि पुढच्या दारापर्यंतच्या ओळी हाताने मोजून दाखवल्या. आत्यासाठी सूचनांचे चित्रकार्ड होतेच, पण वैमानिकाची घोषणा होत असताना ते पुरत नाही. ती काकांनी ऐकून खुणेने सांगितली. पुण्यात उतरल्यावर बाकीचे प्रवासी उतरेपर्यंत आसनावर थांबावे लागते, आणि सामानाच्या पट्ट्यावर आपली बॅग मदतनिसाला वर्णन करून सांगावी लागते. आत्याने दोन्ही बॅगांच्या कड्यांना जाड सुतळी बांधली होती, ती तिला लांबून दिसली आणि काकांना हाताने कळली.

गेटवर सोडून गेल्याची तक्रार आम्ही विमान कंपनीला लेखी पाठवली आणि शासनाच्या एअरसेवा संकेतस्थळावरही नोंदवली. रेल्वेच्या तक्रारींसाठी रेल मदद हे अॅप आहे, आणि ते मजकुरावर चालत असल्याने आत्यासारख्या प्रवाशाला 139 वर बोलावे लागत नाही. तक्रारीत पीएनआर, तिकिटावरचा संकेत, गेटचा क्रमांक आणि मदतनीस निघून गेल्याची वेळ लिहिली. कंपनीच्या उत्तरात दिलगिरी होती, आणि पुढच्या तिकिटावर “व्हीलचेअर नको, चालत सोबत हवी” अशी नोंद जोडून देण्याचे आश्वासन होते. मे महिन्यातील त्यांच्या पुढच्या तिकिटावर ती नोंद आली आहे की नाही, हे मी तपशील मागवून तपासले. ती आलेली होती, आणि DEAF हा संकेतही या वेळी पहिल्याच प्रतीत होता.